कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन: परतावा बंद करावा, की धोरण बदलावं?

करवीर_पायताण

मंडळी, स्वतःच्या वेबसाइटवरून आणि इन्स्टावरून कोल्हापुरी विकतो. माल सुभाषनगरातल्या दोन कारागिरांकडून येतो. सध्याचं धोरण असं: ७ दिवसांत कुठल्याही कारणासाठी परत, पिकअप फुकट, पैसे पूर्ण. शंभर ऑर्डरींमागे साधारण १२ जोड परत येतात, आणि त्यात बहुतेकांचं कारण एकच, 'साईझ बसला नाही'. दोन-तीन जोड तर सरळ वापरून आलेले असतात.

एका जोडाचा हिशेब देतो. विक्री १,२९९, त्यात ५ टक्के जीएसटी धरलेला. कारागिराला ७२०, पॅकिंग ३५, कुरिअर ७५, गेटवे ३१, जाहिरातीचा खर्च वाटून १३०. उलट्या पिकअपला ९५ लागतात. परत आलेला जोड पुन्हा झाडून-पुसून डब्यात घालायला अजून २०.

पार्टनर म्हणतो परतावाच बंद करून टाकू. मला ते पटत नाही, पण आहे हे असंच चालवणंही परवडत नाही. तुम्ही काय केलं असतं?

नगदी_व्यवहार

पार्टनर बरोबर बोलतोय. आवडलं नाही म्हणून माल परत घ्या, अशी सक्ती आपल्याकडे कुठल्याच कायद्यात नाही. 'बदलून मिळेल, पैसे परत मिळणार नाहीत' असं बिलावर ठळक छापा आणि मोकळे व्हा. महाद्वार रोडवर असल्या पाट्यांखाली वर्षानुवर्षं धंदा चाललाय.

कलम_आणि_कागद

दादा, पहिलं वाक्य बरोबर, पुढचं अर्धवट. मत बदललं, रंग घरी नेल्यावर आवडला नाही, अशा कारणांसाठी परत घ्यायचं की नाही हे विक्रेत्याने ठरवायचं. पण ऑनलाइन विक्रीला २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू आहेत. माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोचला असेल, तर परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. उशिराच्या बाबतीत पूर-वादळासारखी आपल्या हाताबाहेरची कारणं तेवढी सुटतात. तेव्हा 'पैसे परत मिळणार नाहीत' ही सरसकट ओळ छापून उपयोग नाही. उसवलेल्या पट्ट्याच्या तक्रारीत ती टिकणार नाही, उलट तुमच्याच विरोधात दाखवली जाईल.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही सदोष माल परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरतात. म्हणजे मुदत न लिहिण्यात तुमचाच तोटा.

आणखी एक. तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत. दोन माणसांचा धंदा असेल तर दोघांपैकी एकाचं नाव घाला, पण घाला.

करवीर, मापाने बनवून देता का? तिथे 'दहा दिवसांत' लिहून कारागिराने पंधरा लावले, तर गिऱ्हाईक जोड परत देऊ शकतं. मापाचा माल दुसऱ्याला खपत नाही, तेव्हा मुदत आधीच सैल लिहा.

हिशेबवही

आधी आकडे मांडूया, मग धोरण. १,२९९ मधून जीएसटी काढला की १,२३७ उरतात. खर्चाची बेरीज ९९१. म्हणजे सुरळीत गेलेल्या ऑर्डरवर २४६ सुटतात.

आता तोच जोड न वापरता परत आला आणि पूर्ण पैसे दिले, तर जाण्याचं कुरिअर ७५, पॅकिंग ३५, गेटवे ३१ (पैसे परत केले तरी हे शुल्क बहुधा परत मिळत नाही), जाहिरात १३०, पिकअप ९५, पुन्हा पॅकिंग २०. एकूण ३८६ पाण्यात. एक परतावा दीड ऑर्डरीचा नफा खातो. जोड वापरलेला आला आणि तुम्ही तो कमी भावात ५०० ला काढला, तर खड्डा ६०६ पर्यंत जातो.

पण तोच जोड साईझ बदलून दिला तर विक्री टिकते, जाहिरातीचे पैसे वाया जात नाहीत. २४६ मधून पिकअप ९५, दुसऱ्यांदा पाठवणं ७५, नवं पॅकिंग ३५ आणि जुन्याची झाडपूस २० वजा करा, २१ रुपये उरतात. कमाई म्हणावी असं काही नाही, पण खिशातूनही जात नाहीत.

शंभर ऑर्डरींवर बघा. बाराही जोडांचे पैसे परत दिले तर हातात १७,०१६ उरतात. बारातले आठ साईझ-बदलीकडे वळवले तर २०,२७२. सव्वातीन हजारांचा फरक, आणि त्यासाठी कुणाला 'नाही' म्हणावं लागलं नाही. म्हणून परतावा बंद करण्यापेक्षा बदली जास्त सोयीची करा: बदलीचं पिकअप तुमच्या खर्चाने, पैसे परत हवे असतील तर पिकअपचे ९५ रुपये कापून. ही कपात फक्त मत बदलल्यावर किंवा साईझसाठी. दोष तुमचा असेल तर एक रुपयाही कापायचा नाही.

पैसे परत दिले की क्रेडिट नोट काढा, नाहीतर त्या जोडाचा कर तुम्ही घरातून भरताय. ती विवरणपत्रात दाखवायची शेवटची तारीख आर्थिक वर्ष संपल्यानंतरची ३० नोव्हेंबर.

रंकाळा_कट्टा

इथे विचारलं तर चालेल का? मी ऑनलाइन बूट परत केले, कंपनी म्हणते पैसे पाठवले, खात्यात मात्र काहीच नाही. आता कुणाला धरायचं?

हिशेबवही

भावा, धागा विकणाऱ्यांचा आहे, पण सांगतो. त्यांच्याकडून परताव्याचा संदर्भ क्रमांक मागा. कार्डाचा असो की यूपीआयचा, प्रत्येक परताव्याला तो असतो. क्रमांक हातात आला की बँकेला शोधता येतं. क्रमांक देत नाहीत म्हणजे पैसे अजून त्यांच्याकडून निघालेलेच नाहीत, असं धरून चाला.

करवीर, यातून तुम्हीही एक घ्या. पैसे सोडले की तो क्रमांक आपणहून व्हॉट्सअॅपवर टाका. 'पैसे कधी येणार' हे फोन निम्म्यावर येतील.

वादी_आणि_आरी

तुम्ही सगळे परत आलेल्या जोडाचं काय करायचं ते बोलताय. तो परत का येतो ते कुणीच बघितलं नाही.

कोल्हापुरीचा साईझ बसला नाही म्हणणाऱ्यांत दोन जाती असतात. एकाला खरंच लांबी कमी पडते. दुसऱ्याला पट्टा घट्ट लागतो. या दोघांना एकच उत्तर दिलंत की फसलात.

बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं नवं असताना कडक असतं. वापरात पायाच्या उष्णतेनं आणि घामानं पट्टा सैल पडतो, अंगठाही मोकळा होतो. लांबी मात्र वाढत नाही, तळ तेवढाच राहतो. म्हणजे पहिल्या दिवशी पट्टा घट्ट लागणं हे बरोबर मापाचंच लक्षण. अशा गिऱ्हाइकाला तुम्ही एक नंबर मोठा जोड दिलात, की महिनाभरात पाय पुढे सरकायला लागतो, टाचेमागे मोकळा तळ दिसतो आणि चालताना चप्पल फटफटते. मग तो वाईट शेरा लिहितो, आणि त्या वेळेला परताव्याची मुदत संपलेली असते. तुमचे पैसे वाचतात, गिऱ्हाईक जातं.

म्हणून बदलीची विनंती आली की आधी दोन फोटो मागा. चप्पल घालून, उभं राहून, दोन्ही पायांवर भार देऊन, एक बाजूने आणि एक वरून. बाजूच्या फोटोत टाच तळाच्या कडेबाहेर गेली असेल किंवा अगदी कडेवर असेल, तर लांबी कमी आहे, मोठा नंबर द्या. टाचेमागे चार-पाच मिलिमीटर तळ दिसतोय आणि तक्रार फक्त पट्ट्याची आहे, तर सांगा की पट्टा आणि कानांना आतून बोटभर खोबरेल चोळा आणि घरात रोज अर्धा तास घाला, तीन-चार दिवसांत फरक कळेल. पण तेवढ्यासाठी त्याची बदलीची मुदतही पुढे ढकलून द्या. नाहीतर हा टाळाटाळ करतोय असंच वाटणार त्याला.

दुसरं, नंबर. दोन कारागिरांकडून माल घेताय नव्हं? दोघांच्या ८ नंबरच्या तळाची लांबी मोजून बघा. साचे वेगळे असतात. इंग्लिश नंबरात एका नंबराचा फरक साडेआठ मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे कारागिरागणिक चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे झाले की अर्धा नंबर सरकला. प्रत्येक डिझाइनचे, प्रत्येक नंबरचे पाच-पाच जोड मोजा आणि साइटवर नंबराशेजारी तळाची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहा. कापशीचा तक्ता वेगळा, साध्या पट्ट्याच्या जोडाचा वेगळा.

गिऱ्हाइकाला पाय मोजायला सांगायचं ते संध्याकाळी, दिवसभर चालल्यावर. टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं राहायचं, सगळ्यात लांब बोटापुढे खूण करायची, दोन्ही पाय मोजून मोठा धरायचा. त्यात पाचेक मिलिमीटर मिळवले की तळाची लांबी मिळते. 'बुटाचा नंबर काय' एवढंच विचाराल, तर बारा जोड कायम येत राहतील.

करवीर_पायताण

दादा, आत्ताच मोजले. एकाचा ८ नंबर २७.४, दुसऱ्याचा २६.९. डोक्याला हात लावला. दोघांचाही माल एकाच फोटोखाली विकतोय मी.

वादी_आणि_आरी

मग तुमच्या बारांतले निदान काही तिथेच सापडले. कारागिरांना बदलायच्या भानगडीत पडू नका, तक्ते वेगळे करा.

उद्यमनगर_पार्सल

कुरिअरवर कुणी बोललं नाही. डबा मोजलाय का? बहुतेक कंपन्या लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन ५,००० ने भागतात आणि प्रत्यक्ष वजनाशी तुलना करून जास्त असेल ते लावतात. ३० × १२ × १० चा डबा ७२० ग्रॅमचा धरला जातो, म्हणजे एक किलोचा दर. तळाला तळ लावून जोड २८ × ११ × ८ मध्ये बसला तर ४९३ ग्रॅम, अर्ध्या किलोच्या आत. मोठ्या नंबरांना जमणार नाही, बायकांच्या नंबरांना जमेल. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा वाचतं. मात्र परत येणारा माल गिऱ्हाईक भलत्याच खोक्यात घालून देतं, म्हणून 'आमच्याच डब्यात परत द्या' ही अट घाला.

कॅश ऑन डिलिव्हरी घेत असाल तर तो वेगळाच आजार. दार न उघडणाऱ्याचं जाणं-येणं दोन्ही तुमच्या माथी. आधी १०० रुपये ऑनलाइन घ्या, बाकी दारात.

करवीर_पायताण

वापरलेला जोड ओळखायचा कसा? गिऱ्हाईक म्हणतं 'फक्त घालून बघितला'.

वादी_आणि_आरी

तळ उलटा करून उजेडात तिरपा धरा. घरात फरशीवर चालून बघितलेल्या जोडाचा तळ मळतो, पण कोरड्या फडक्याने पुसला जातो. रस्त्यावर चाललेल्या जोडात चवड्याखाली आणि टाचेच्या बाहेरच्या कडेला बारीक खडी, रेती चामड्यात रुतलेली असते. नख फिरवलं की खरखर लागते, पुसून जात नाही. वरच्या बाजूला बोटांचे काळपट ठसे आणि चवड्यापाशी घडीची आडवी रेघ. ठसे एक-दोन तासांच्या वापराने उठत नाहीत.

पेठेतली_ताई

मी लेडीज चपला विकते, कोल्हापुरी नाही. तळाला आडवा कागदी स्टिकर लावते, 'हा फाटला तर परत नाही'. घरात घालून बघितलं तर टिकतो, बाहेर चाललं की फाटतो. वाद मिटला.

वादी_आणि_आरी

रबरी तळाला चालेल, ताई. कमावलेल्या चामड्याला गोंद लावला की काढताना वरचा थर खरवडतो किंवा काळा डाग राहतो, आणि मग धड जोडही नवा म्हणून विकता येत नाही. आधी कातरणीच्या तुकड्यावर लावून आठवडा ठेवून बघा. मी त्यापेक्षा दोन्ही चपलांच्या कानांतून चाळीसेक सेंटिमीटर सुती दोरा ओवून लेबल बांधेन. उभं राहता येतं, चार पावलं टाकता येतात, रस्त्यावर जाता येत नाही.

पेठेतली_ताई

दोरा बांधून चप्पल घालून बघायची? पायात अडकून कुणी पडलं म्हणजे? आणि महाग चप्पल घेणाऱ्याला ते चोरावर पहारा ठेवल्यासारखं वाटेल. माझा स्टिकरच बरा.

कलम_आणि_कागद

दोन्हीपैकी काहीही लावा, पण 'स्टिकर फाटला म्हणजे काहीच मिळणार नाही' असं लिहू नका. पट्टा तिसऱ्या दिवशी उसवला तर स्टिकर फाटलेलाच असणार, कारण माणूस चप्पल वापरणारच. स्टिकर साईझ-बदलीपुरता. अनबॉक्सिंग व्हिडिओचंही तेच. मागा जरूर, पण व्हिडिओ नाही म्हणून सदोष माल नाकारू नका.

उद्यमनगर_पार्सल

आणि दुसराच जोड परत येतो त्याचं काय? तुमचा नवा ठेवून घेतात, जुना पाठवतात. कानाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने ऑर्डरचे शेवटचे चार आकडे लिहा. पॅक करताना दोन्ही तळ आणि तो आकडा एका फोटोत घ्या. पिकअपचा पोरगा काही तपासत नसतो, त्याच्यावर विसंबू नका.

बाजारपेठ_विक्रेता

हे सगळं स्वतःच्या साइटवर ठीक आहे. मोठ्या मार्केटप्लेसवर धोरण त्यांचंच, आपण मुदतही ठरवू शकत नाही. मी तिथला भाव १०० ने जास्त ठेवतो, तोच माझा परताव्याचा विमा.

करवीर_पायताण

सगळं एकत्र करून मसुदा लिहिलाय, बघा:

साईझ बसला नाही तर: पोचल्यापासून ७ दिवसांत कळवा. घालून उभं राहिल्याचे दोन फोटो पाठवा. पहिली बदली पूर्ण मोफत. पट्टा घट्ट आहे पण लांबी बरोबर असेल, तर सैल करायची पद्धत सांगू आणि बदलीची मुदत अजून ७ दिवस वाढवून देऊ.

आवडलं नाही तर: ७ दिवसांत, रस्त्यावर न वापरलेला जोड, आमच्याच डब्यात. ९५ रुपये पिकअप वजा करून पैसे परत.

आमची चूक असेल तर (उसवलं, चुकीचा नंबर किंवा रंग आला, सांगितलेल्या तारखेनंतर पोचलं): ३० दिवसांत कळवा. पिकअप आमचं, हवं तर बदली, हवं तर पूर्ण पैसे.

जोड आमच्याकडे पोचल्यावर २ कामाच्या दिवसांत तपासून पैसे सोडू आणि संदर्भ क्रमांक पाठवू. कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे यूपीआयवर.

कलम_आणि_कागद

चांगलं आहे. 'हवं तर' हे गिऱ्हाइकाने ठरवायचं, तेवढं स्पष्ट करा. कूपन गळ्यात मारू नका. रंगाबद्दलही एक ओळ हवी. कमावलेल्या चामड्याचा रंग जोडागणिक फिका-गडद येतो, तर तीन जोडांचा एकत्र फोटो टाका. एकच उजळ फोटो टाकलात तर 'दाखवलं तसं नाही' ही तक्रार खरी ठरते.

हिशेबवही

दुसरी बदलीही मागितली तर? पहिली मोफत लिहिलंय, पुढचं काहीच नाही. दुसऱ्या बदलीत २१ चे उणे दोनशेच्या आसपास होतात. मी १५० घ्या म्हणेन.

वादी_आणि_आरी

दुसरी बदली तुमच्या तक्त्याच्या चुकीने लागली असेल तर? तिथे पैसे मागणं मला पटत नाही. फोटो बघून तुम्हीच नंबर सुचवला असेल तर ती जबाबदारी तुमची.

करवीर_पायताण

हे अजून ठरत नाही माझं. आणि पावसाळ्याचं काय? जुलैत परत आलेल्या जोडावर पांढरी बुरशी असते. गिऱ्हाईक म्हणतं आमच्याकडून कोरडा गेला.

उद्यमनगर_पार्सल

खरंही बोलत असेल. प्लास्टिकच्या पिशवीत चार-पाच दिवस दमट हवेत राहिला की बुरशी धरते. आत चप्पल कागदात गुंडाळा, प्लास्टिक फक्त बाहेरून. परतीसाठी डब्यात एक कोरी कागदी पिशवी आधीच घालून द्या.

वादी_आणि_आरी

वरवरची असेल तर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वाऱ्यावर दोन दिवस ठेवा. उन्हात टाकू नका, तळ वाकतो. वादीच्या शिलाईत काळे ठिपके उतरले असतील तर तो जोड नवा म्हणून पुन्हा पाठवू नका.

पेठेतली_ताई

मग तो तोटा कुणाचा धरायचा? पावसात घालून परत दिलेला आणि कुरिअरमध्ये भिजलेला, दोन्ही वेगळे कसे ओळखायचे?

वादी_आणि_आरी

तळ बघा. पावसात रस्त्यावर चाललेल्याच्या शिलाईत बारीक चिखल बसलेला असतो. कुरिअरमध्ये भिजलेला सगळीकडून सारखा ओलसर, पण तळ स्वच्छ. दोन्ही झालं असेल तर मात्र मलाही सांगता यायचं नाही.